जुनी डिझेल गाडी घेताय? आधी ती बीएस-३, ४ की ६ ते बघा

तासगावहून सांगलीच्या मार्केट यार्डात बेदाण्याच्या पेट्या न्यायला मी जुनी डिझेल पिकअप घेतली. घेताना टायर बघितले, चेसीला गंज आहे का बघितलं, इंजिनचा आवाज ऐकला. वीस वर्षं गाड्या वापरणारा माणूस जे बघतो ते सगळं बघितलं. गाडी २०२१ ची, म्हणजे धुराच्या भारत स्टेज नियमांतल्या सहाव्या टप्प्याची, बीएस-६ आहे, हे माहीत होतं. पण त्याचा अर्थ "धूर कमी" एवढाच माझ्या डोक्यात होता. पाचव्या महिन्यात भर हंगामात गाडी कवलापूरच्या अलीकडे चाळीसच्या वर पळेना, तेव्हा उरलेला अर्थ कळला.

नियमाचा प्रत्येक टप्पा म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर बसलेली एक नवी वस्तू. ती वस्तू चालवणाऱ्याकडून काहीतरी मागते: चांगलं डिझेल, ठराविक ऑइल, अधूनमधून लांब पल्ला. कोणत्या टप्प्याची गाडी काय मागते हे कळलं तर कोणती घ्यायची ते आपोआप ठरतं. इथे मी फक्त डिझेल पिकअप आणि कारबद्दल लिहितोय. पेट्रोलची गोष्ट सोपी आहे आणि वेगळी आहे.

जवळ काय ठेवायचं

गाडी बघायला जाताना मोबाइल, टॉर्च, पांढरं सुती फडकं आणि जमल्यास गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा ब्लूटूथचा ओबीडी रीडर न्या. रीडर ऑनलाइन स्वस्तात मिळतो. कागदांत आरसी, विमा आणि चालू पीयूसी मागा. शक्य असेल तर मागची पीयूसीही मागा, तिचं काम शेवटी आहे. व्यवहार ठरला की फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडीवर कर्ज असेल तर फॉर्म ३५ लागतो आणि दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर एनओसीचा फॉर्म २८. आपल्याकडे मिरजेच्या पलीकडे केए पासिंगच्या गाड्या स्वस्त दिसतात. एनओसी आणि टॅक्सचा हिशेब केल्याशिवाय त्या स्वस्त म्हणू नका.

१. टप्पा कागदावर वाचा, वर्षावरून ओळखू नका

"२०१२ ची म्हणजे बीएस-३" असा ठोकताळा आपल्या भागात हमखास फसतो. २०१० मध्ये बीएस-४ फक्त तेरा शहरांत आलं. त्यात पुणं होतं, सोलापूर होतं, सांगली-सातारा नव्हतं. उरलेल्या देशात त्या वर्षी बीएस-३ आलं आणि बीएस-४ सगळीकडे व्हायला १ एप्रिल २०१७ उजाडला. त्यामुळे २०१२ च्या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या, एक एमएच-१२ आणि एक एमएच-१०, तर त्या वेगळ्या टप्प्याच्या असू शकतात.

एमपरिवहन अ‍ॅपमध्ये गाडीचा नंबर टाका आणि `Emission Norms` ही ओळ शोधा. नव्या आरसीवरही ती असते. बीएस-६ गाडीच्या काचेवर आतून चिकटवलेल्या नंबरच्या स्टिकरला वरच्या कडेला एक सेंटिमीटरची हिरवी पट्टी असते. डिझेल गाडीचं ते स्टिकर नारिंगी असतं. नारिंगीवर हिरवी पट्टी दिसली तर ती बीएस-६ डिझेल.

इथला सापळा म्हणजे तारखा. सुप्रीम कोर्टाच्या आदेशामुळे १ एप्रिल २०१७ पासून बीएस-३ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-४ नव्या गाड्यांची विक्री आणि नोंदणी बंद झाली. म्हणून आरसीवर बीएस-४ आणि पहिल्या नोंदणीची तारीख एप्रिल २०२० नंतरची असेल तर तिथेच थांबा. लॉकडाऊनच्या गोंधळात ३१ मार्चपूर्वी विकलेल्या आणि ई-वाहनवर चढवलेल्या गाड्यांना कोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये सवलत दिली होती, त्यामुळे अशी प्रत्येक गाडी खोटी नसते. पण मूळ विक्रीचं बिल बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. बिल "घरी राहिलंय" असं म्हणणाऱ्याला घरी जाऊन घेऊन या म्हणा.

२. बीएस-३ आणि बीएस-४ मध्ये बॉनेटखाली काय बदललं

बीएस-३ च्या बऱ्याच पिकअपमध्ये डिझेलचा पंप निव्वळ यांत्रिक असायचा. काळा धूर टाकत, खडखडत, पण चालायच्या. बीएस-४ ला डिझेल कारसाठी काजळीची मर्यादा किलोमीटरला ५० मिलिग्रॅमवरून २५ वर आली, नायट्रोजन ऑक्साइडची ५०० वरून २५०. म्हणजे दोन्ही निम्मी. मालवाहू गाड्यांना वजनानुसार थोडी सूट असते, पण कपातीचं प्रमाण साधारण तेच.

दोन्ही एकदम कमी करणं अवघड असतं. सिलेंडरमध्ये ज्वलन जितकं कडक गरम, तितकी काजळी कमी होते, पण हवेतला नायट्रोजन जळून नायट्रोजन ऑक्साइड वाढतो. ज्वलन थंड केलं की उलटं होतं. म्हणून दोन गोष्टी जोडीने आल्या. एक म्हणजे कॉमन रेल: हजार बारच्या वर दाबाने डिझेलचा बारीक फवारा, वेळ कॉम्प्युटर ठरवणार. दुसरी ईजीआर, म्हणजे जळलेल्या वायूचा काही भाग परत इंजिनात सोडून ज्वलन थंड ठेवणारा व्हॉल्व्ह. शिवाय एक्झॉस्टमध्ये एक उत्प्रेरक, ज्याला गॅरेजवाले "कॅट" म्हणतात.

बीएस-४ घेताना बघायचं ते हेच. ईजीआर काजळीने चिकटला की गाडी रेस घेताना अडखळते आणि धूर वाढतो. तो काढून साफ करता येतो, खर्च आवाक्यातला असतो. इंजेक्टर मात्र महाग. यांत्रिक पंपाने रॉकेल मिसळलेलं डिझेल कसंबसं पचवलं असेल, कॉमन रेलला ते पचत नाही. रॉकेलमध्ये वंगणपणा कमी असतो आणि हजार बारच्या दाबाखालचे बारीक भाग डिझेलच्याच वंगणावर जगतात. सकाळी थंड इंजिन स्वतः चालू करून बघा. मालकाने "आधीच गरम करून ठेवलीय" म्हटलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी या.

३. डिझेल आधी का बदलावं लागलं

बीएस-३ च्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत ३५० भाग गंधक चालायचं. बीएस-४ ला ५० आणि बीएस-६ ला १०. नव्या वस्तू बसवायला परवानगी या आकड्यांनी दिली. गंधक जळून तयार होणारे सल्फेट उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर बसतात आणि त्याला निकामी करतात, शिवाय पुढच्या गाळणीत भर घालतात. ३५० वाल्या डिझेलवर आजची गाडी पळवली असती तर तिचा एक्झॉस्ट लवकरच गुदमरला असता. सरकारने जानेवारी २०१६ मध्ये बीएस-५ गाळून थेट बीएस-६ ची घोषणा केली, तेव्हा तेलशुद्धीकरण कारखान्यांनाही तेवढीच उडी मारावी लागली. १ एप्रिल २०२० पासून पंपावर दहावालंच डिझेल मिळतं.

याचा आपल्याला उपयोग एवढाच: बीएस-३ किंवा ४ गाडीत आजचं डिझेल बिनधास्त घाला. गंधक काढताना वंगणपणा कमी होतो, पण तो भरून काढणारे घटक कंपनीच मिसळते. बाटलीतली "वंगण वाढवणारी" औषधं वरून ओतायची गरज नाही. उलटं मात्र चालत नाही. शेतावर ड्रममध्ये जुनं, कुठल्या कुठल्या कामासाठी आणलेलं डिझेल पडलं असेल तर ते पंपाच्या इंजिनला वापरा, बीएस-६ च्या टाकीत नको.

४. बीएस-६: डीपीएफ समजून घ्या, बाकी आपोआप समजेल

डिझेल कारची काजळीची मर्यादा २५ वरून साडेचार मिलिग्रॅमवर आली. सांगली ते सातारा साधारण १२० किलोमीटर धरा. बीएस-३ कारला त्या वाटेवर सहा ग्रॅम काजळी सोडायची मुभा होती, बीएस-६ ला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. शिवाय काजळीचं वजनच नाही, कणांची संख्याही मोजली जाते. हे नुसत्या ज्वलनाने जमत नाही, म्हणून डीपीएफ आला.

डीपीएफ म्हणजे सिरॅमिकचं मधमाशीचं पोळं. त्याच्या नळ्या एक सोडून एक, आळीपाळीने टोकाला बुजवलेल्या असतात. धूर एका नळीत शिरतो, पुढे वाट नसते, म्हणून सच्छिद्र भिंतीतून शेजारच्या नळीत जातो. काजळी भिंतीवर अडकते. गाळणी भरत जाते आणि ती गाडीनेच जाळून रिकामी करायची असते. या जाळण्याला रिजनरेशन म्हणतात.

हायवेवर भरल्या गाडीचा एक्झॉस्ट पुरेसा गरम असतो, तेव्हा काजळी हळूहळू आपोआप जळते. गावातल्या गावात फिरताना तसं होत नाही. मग कॉम्प्युटर ठराविक भरणी झाली की कामाला लागतो: शक्तीचा ठोका संपत आल्यावर थोडं जादा डिझेल सिलेंडरमध्ये सोडतो. ते बाहेर पडून उत्प्रेरकावर जळतं आणि डीपीएफ साधारण ६०० अंशांपर्यंत तापतो. याला दहा ते वीस मिनिटं गाडी सलग चालती लागते. मधेच बंद केली की काम अर्धवट राहतं आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून.

माझं चुकलं इथेच. बेदाण्याच्या हंगामात माझी पिकअप यार्डातून कोल्ड स्टोरेज, तिथून परत यार्ड, मग वजनकाटा, असे तीन-चार किलोमीटरचे तुकडे करायची. खुणा सगळ्या दिसत होत्या, मला वाचता येत नव्हत्या. उभ्या गाडीचे आरपीएम नेहमीपेक्षा थोडे वर. अ‍ॅव्हरेज घटलेलं. चावी काढल्यावरही पंखा घरघरत राहायचा आणि खालून तापलेल्या लोखंडाचा वास यायचा. मी म्हणायचो, ऊन आहे. खरं तर प्रत्येक वेळी ती काजळी जाळायला बसलेली असायची आणि मी चावी फिरवून तिच्या ताटावरून तिला उठवत होतो.

मग सूचनाफलकावर डीपीएफचा पिवळा दिवा लागला. तो "आता मला वीस मिनिटं हायवेवर पळव" असं सांगत होता. मी हंगाम संपल्यावर बघू म्हटलं. आठवड्याने इंजिनचा दिवाही लागला आणि गाडीने ताकद तोडली.

मिस्त्रींनी बॉनेट उघडून पहिल्यांदा ऑइलची डिपस्टिक काढली. मी काजळीचं सांगतोय आणि हे ऑइल का बघतायत, मला कळेना. त्यांनी पट्टी माझ्या नाकाजवळ धरली.

"दादा, वास घ्या."

डिझेलचा वास येत होता, आणि पातळी वरच्या खुणेच्याही वर दोन बोटं चढली होती.

"ऑइल तुम्ही घातलं न्हाई, मग वाढलं कशानं? जाळायला सोडलेलं डिझेल भिंतीवरनं खाली उतरलं. आणि आठ दिवस चालवली असती तर बेअरिंग गेलं असतं."

ऑइल खाल्लं जातं हे सगळ्यांना माहीत असतं. ऑइल वाढणं हा त्याहून वाईट आजार आहे हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी स्कॅनर लावून उभ्या गाडीत सक्तीचं रिजनरेशन केलं, मोकळ्या जागेत, खाली वाळलेलं गवत नाही हे बघून. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर बदलला. क्रम तोच ठेवायचा, कारण रिजनरेशनमध्येही थोडं डिझेल ऑइलात उतरतं.

आता आठवड्यातून एकदा मी तिला पेठ नाक्यापर्यंत नेतो आणि हायवेला लागून परत आणतो. चौथ्या-पाचव्या गिअरला, आरपीएम दोन हजारांच्या वर, न थांबता. दिवा पुन्हा लागलेला नाही. पण खरं सांगतो, ज्याची गाडी कायम बाजारात आणि यार्डातच फिरणार आहे त्याने बीएस-६ डिझेल घेऊच नये. सीएनजी बघावी.

५. ऑइल: ट्रॅक्टरचं उरलेलं घालू नका

काजळी जळते, राख जळत नाही. इंजिन थोडं ऑइल जाळतंच, आणि ऑइलमधल्या धातूच्या घटकांची राख डीपीएफमध्ये कायमची साठते. म्हणून बीएस-६ ला कमी राखेचं ऑइल लागतं, ज्याला लो-सॅप्स म्हणतात. डब्यावर कोणता दर्जा हवा ते गाडीच्या पुस्तकात असतं, तेवढंच माना. आपल्याकडे ट्रॅक्टरसाठी आणलेला वीस लिटरचा ड्रम घरात असतो आणि "ऑइल ते ऑइल" म्हणून पिकअपमध्येही तेच पडतं. त्याने इंजिनचं काही बिघडत नाही, आणि म्हणूनच कोणाला शंका येत नाही. डीपीएफ मात्र वेळेच्या कितीतरी आधी राखेने भरतो आणि मग कितीही पळवा, रिकामा होत नाही. जुन्या मालकाला सर्व्हिसची बिलं मागा आणि त्यावर ऑइलचं नाव वाचा.

६. डीईएफ: निळं झाकण

बीएस-६ ला डिझेल कारची नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा २५० वरून ८० मिलिग्रॅमवर आली. काही गाड्यांनी ती उत्प्रेरकाच्या सापळ्याने पाळली, काहींनी एससीआरने, म्हणजे धुरात एक द्रव फवारणाऱ्या व्यवस्थेने. १ एप्रिल २०२३ पासून दुसरा टप्पा आला, त्यात प्रयोगशाळेबरोबर प्रत्यक्ष रस्त्यावरही मोजमाप होतं. त्यानंतर एससीआर जास्त दिसू लागलं. डिझेलच्या झाकणाजवळ निळं झाकण असेल तर गाडीला एससीआर आहे.

त्यात डीईएफ लागतं: ३२.५ टक्के युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी. ते गरम धुरात फवारलं की अमोनिया तयार होतो आणि नायट्रोजन ऑक्साइडचं नायट्रोजन आणि पाणी होतं. आपल्या भागात लगेच कोणीतरी म्हणतं, युरिया तर गोदामात आहे, घरी बनवू. बनवू नका. खताचा युरिया नीमलेपित असतो, त्यात बाययुरेट आणि धूळ असते, आणि बोअरच्या पाण्यात क्षार. हे सगळं फवारणीच्या नोजलवर पांढऱ्या खड्यांसारखं जमतं आणि उत्प्रेरक बिघडवतं. सीलबंद डबा घ्या, तारीख बघा, उन्हात ठेवू नका.

गाडी बघताना निळं झाकण उघडा आणि कडेने टॉर्च मारा. थोडी पांढरी पावडर चालते, जाड खडे जमलेले नकोत. डीईएफ संपलं तर गाडी आधी सूचना देते, मग ताकद तोडते किंवा बंद केल्यावर पुन्हा चालू होत नाही. आणि चुकून डिझेलच्या टाकीत डीईएफ किंवा डीईएफच्या टाकीत डिझेल गेलं तर चावीसुद्धा फिरवू नका, गाडी उचलून न्या. चावी फिरवली की ते पुढच्या पंपात आणि नळ्यांत पोचतं.

७. शेवटची तपासणी: फडकं आणि पीयूसी

महाग डीपीएफ भरला की काहीजण तो आतून फोडून रिकामा करतात आणि कॉम्प्युटरला खोटा प्रोग्रॅम घालतात. दिवा लागत नाही, गाडी जोरात पळते आणि मग विकायला येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ बनावटीत असा बदल चालत नाही. पुढे दंड आणि दुरुस्ती दोन्ही तुमच्या नावावर.

ओळखायला पांढरं फडकं बोटाला गुंडाळून थंड सायलेन्सरच्या तोंडात आतून फिरवा. चांगला डीपीएफ असलेल्या गाडीचं तोंड करडं, जवळजवळ स्वच्छ असतं. फडक्यावर काळा थर आला तर डीपीएफ फुटलाय किंवा जागेवर नाही. नंतर रीडर लावून साठवलेले कोड बघा. एकही कोड नाही आणि "नुकतेच पुसलेत" अशी खूण दिसली, तर गाडी दोन दिवस मालकालाच चालवू द्या आणि पुन्हा लावा.

पीयूसीने समाधान मानू नका. तिथे इंजिन गरम करून पॅडल पूर्ण दाबतात, धुराची घनता मोजतात आणि के व्हॅल्यू छापतात. बीएस-३ पर्यंत ती २.४५ पर्यंत चालायची, बीएस-४ ला १.६२ पर्यंत. शाबूत डीपीएफची बीएस-६ गाडी शून्याच्या अगदी जवळ येते. म्हणजे बीएस-६ गाडीच्या पीयूसीवरचा आकडा शून्यापासून बराच वर असेल तर तिच्या डीपीएफबद्दल दाट शंका घ्या. म्हणूनच मागची पीयूसी मागायची. बीएस-४ आणि बीएस-६ ला ती वर्षभर चालते, जुन्यांना सहा महिने. गेल्या वर्षीचा आकडा शून्याजवळ आणि यंदाचा बराच वर असेल, तर मधल्या काळात गाडी कोणत्या गॅरेजला गेली होती, हा प्रश्न मालकाला सगळ्यांसमोर विचारा.